धुळवडीचं दिवसभराचं येणं-जाणं: ताक, वडे आणि सांजोऱ्यांचा हिशेब

प्रश्न: यंदा धुळवडीला आमच्याकडे दिवसभर राबता असणार आहे. सकाळी कॉलनीतले शेजारी, दुपारी एरंडोल-पारोळ्याचे नातेवाईक, संध्याकाळी सासऱ्यांचे मित्र, मिळून साठेक जण. करणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. दोन शेगड्या, एक फ्रिज. थंड काय, तळण काय, गोड काय ठेवू, म्हणजे कुणाला जड होणार नाही आणि आम्हीही दिवसभर कढईपुढे उभ्या राहणार नाही?

उत्तर:

ताई, पदार्थ ठरवायच्या आधी घड्याळ मांडून बसा. मी जळगावात वीस-बावीस वर्षं घरगुती ऑर्डरी घेते. धुळवडीचा बेत फसतो तो चव बिघडल्यामुळे क्वचितच. सकाळी आठला काढलेलं दूध दुपारी बाराला उन्हात उभं असतं, किंवा भज्यांचं पीठ एकदमच भिजवलेलं असतं आणि पाहुणे येतात पाच-पाच जणांच्या टोळीनं. फसतो तो तिथे. म्हणून माझा साधा नेम आहे. दुधाचं जे काही असेल ते सकाळी दहाच्या आत संपवायचं, त्यानंतर दिवसभर आंबट प्यायला द्यायचं. गरमागरम तळण एकच ठेवायचं, बाकीचं कोरडं आणि डब्यातलं. गोड सगळं आदल्या दिवशीपर्यंत हातावेगळं करायचं. एवढं बसलं की दोघींत होतं.

आधी प्यायचं सांगते, कारण आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे. होळी कधी मार्चच्या सुरुवातीला येते, कधी शेवटाला. २०२४ ला धुळवड २५ मार्चला होती, २०२५ ला १४ मार्चला. या दहा-बारा दिवसांनी दोन गोष्टी बदलतात: ऊन आणि कैरी. पारा पस्तिशी ओलांडून चाळिशीकडे निघालेला असतो आणि त्यात माणसं रंग खेळून, डोक्यावर ऊन घेऊन तुमच्या ओट्यावर येतात. त्यांना आधी पाणी हवं असतं, मग आंबट-खारट काहीतरी, आणि गोड सगळ्यात शेवटी. आपण करतो नेमकं उलट. दारात पाय ठेवला की हातात थंडाईचा ग्लास देतो. दूध, बदाम, साखर पोटात गेली की पुढे वडे कुणी खात नाही आणि सांजोरी तर ताटलीत तशीच राहते. मी एकाच घरी दोन वर्षं लागोपाठ काम केलं. पहिल्या वर्षी थंडाई आधी दिली आणि तळण परत आलं. दुसऱ्या वर्षी ताक आधी दिलं, तर तेवढंच तळण दुपारी तीनपर्यंत संपलं. माणसं जवळपास तीच होती.

तरी थंडाई नकोच असं म्हणणार नाही. आता जळगाव-भुसावळकडे ती रुळली आहे आणि मुलं विचारतातच. फक्त तिला सकाळची पाहुणी समजा. रंग खेळायच्या आधी, आठ ते दहा या वेळात जे शेजारी येतील त्यांना छोटा कप द्यायचा. दोन लिटर म्हशीचं दूध होळीच्या रात्री तापवा, पूर्ण गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. ५० ग्रॅम बदाम, २५ ग्रॅम खसखस, २५ ग्रॅम मगज, दोन चमचे बडीशेप, पंधरा-वीस मिरे आणि आठ-दहा वेलदोडे. हे सगळं संध्याकाळी भिजत घाला, बदामांची सालं काढा आणि झोपायच्या आधी अगदी गंधासारखं वाटून घ्या. खसखस नीट भिजली नाही तर कितीही फिरवा, दाताखाली येतेच. हे वाटण वेगळ्या डब्यात ठेवायचं. सकाळी दुधात पाव किलोला थोडी कमीच साखर घालून, वाटण मिसळून गाळलं की वीस-बावीस छोटे कप होतात. तेवढेच करा. संपली तर संपली.

एकदा मी हे पाळलं नव्हतं. एका बंगल्यात चाळीसेक माणसांची ऑर्डर होती. यजमानांचा आग्रह, थंडाई दिवसभर हवी. सहा लिटर केली, स्टीलच्या पिंपात भरली, मांडवाच्या सावलीत ठेवली आणि वरून बर्फ. साडेअकराच्या सुमारास मी सहज एका रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं. आतल्या काचेवर दुधाची गुळगुळीत साय दिसायला हवी होती, तिथे बारीक कणी चिकटलेली. चाखली तर जिभेच्या कडेला आंबूस. वासावरून मात्र काही कळत नव्हतं, कारण वेलदोडा आणि बडीशेप आंबूस वास पार झाकून टाकतात. साधं दूध नासलं तर घरभर कळतं, थंडाई नासली तर पोटात गेल्यावर कळते. उरलेली चार लिटर मोरीत ओतली आणि पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून बत्तीस अंशांच्या वर ऊन असलं की दुधाचा पदार्थ बाहेर एक तासापेक्षा जास्त ठेवत नाही, आणि ग्लासाच्या आतली बाजू पाहिल्याशिवाय पुढची फेरी देत नाही. दहीवड्याचंही तेच. म्हणून या दिवशी दहीवडे मी कुणाला सुचवत नाही.

दहानंतर पन्हं आणि ताक. होळी मार्चअखेर आली तर बाजारात कोवळी, कोय न धरलेली कैरी मिळते. सव्वा किलो कैरी उकडून सोललीत की पाऊण किलोभर गर निघतो. त्यात सव्वा किलो गूळ, मीठ आणि वेलदोडा घालून, गूळ विरघळेपर्यंत गरम करून गाळून ठेवा. हा झाला दोन किलोचा अर्क. एका ग्लासाला दीड-दोन टेबलचमचे, म्हणजे चाळीसेक ग्रॅम, अशानं पन्नास ग्लास होतात. पाणी आधी मिसळायचं नाही. अर्क फ्रिजमध्ये चार दिवस चांगला राहतो, पण पाणी घालून ठेवलेलं पन्हं संध्याकाळी फसफसायला लागतं. झाकण उघडलं की बारीक बुडबुडे दिसतात, ते दिसलं की टाकून द्यायचं.

होळी लवकर आली तर कैरीच्या मागे धावू नका. जी मिळते ती महाग असते आणि नुसती तुरट. त्या दिवसांत आपल्याकडे नवी चिंच उतरलेली असते, तिचं पन्हं करा. पाव किलो नवी चिंच लिटरभर गरम पाण्यात भिजवून कोळ काढा, त्यात पाऊण किलो गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ आणि किंचित सुंठ. चाळीस ग्लास सहज निघतात. नव्या चिंचेचा रंग लालसर-तपकिरी येतो. जुनीचा काळपट येतो, त्याला पाहुणे हात लावत नाहीत, मग चव कितीही चांगली असो. चिंचेचा कोळ पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, कळकतो. स्टील किंवा काच.

ताकाचं गणित सोपं आहे. एक लिटर घट्ट दह्यात दोन लिटर पाणी. दीडशे मिलीचे वीस ग्लास होतात. साठ माणसांत मी पन्नास ग्लास ताक धरते, म्हणजे अडीच लिटर दही. दही होळीच्या आदल्या रात्री लावा आणि लागलं की लगेच फ्रिजमध्ये टाका. ताक एकदम घुसळू नका. अर्धा-अर्धा लिटर दही काढायचं, घुसळायचं, संपलं की पुढचं. आलं, मिरची, कोथिंबीर, जिरं आणि मीठ यांचं वाटण वेगळ्या वाटीत ठेवा, कारण काहींना मिरची चालत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना मीठ कमी लागतं. सकाळचं उरलेलं ताक दुपारपर्यंत आंबट झालं तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ते दुपारच्या कढीला लागणार आहे, पुढे येतंच.

गार कशानं करायचं? बाहेरचा लादीचा बर्फ पेयात घालू नका. तो बऱ्याचदा माल गार ठेवायला बनवलेला असतो, पिण्यासाठी नसतो. खायचा बर्फ वेगळा ओळखता यावा म्हणून न खाण्याचा बर्फ निळसर रंगाचा करावा असा नियम आपल्या राज्यात २०१८ पासून आहे, पण गाडीवर मिळणाऱ्या लादीची खात्री कोण देणार? माझा उपाय असा. तीन-चार दिवस आधीपासून लिटरभराच्या बाटल्या तीन बोटं रिकाम्या ठेवून पाण्यानं भरायच्या आणि फ्रीजरमध्ये गोठवायच्या. त्या दिवशी बाटली बाहेरून स्वच्छ धुऊन तशीच बंद, पन्ह्याच्या पातेल्यात उभी करायची. पेय पाणचट होत नाही आणि बर्फाचं पाणी कुठून आलं हा प्रश्न उरत नाही. पाच लिटरला दोन बाटल्या पुरतात, अडीच-तीन तासांनी बदलायच्या.

पिण्याचं पाणी मात्र माठात ठेवा. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठ इथे जसा काम करतो तसा कोकणात करत नाही. ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याच्या वाटेत ठेवला की फ्रिजची आठवण येत नाही. फक्त माठात ताक किंवा पन्हं भरू नका. मातीच्या बारीक छिद्रांत ते मुरतं आणि पुढे महिनाभर पाण्याला वास येतो. एका घरी सुनेनं हौसेनं नव्या माठात ताक भरलं होतं. आखाजीला घागर भरायची वेळ आली तरी त्या माठाचा आंबूसपणा गेला नव्हता.

आता तळण. तुमच्या दोन शेगड्यांतली एक दिवसभर कढईला द्यायची असेल, तर त्या कढईत एकच गोष्ट पडू दे. भजी, बटाटेवडे, कोथिंबिरीच्या वड्या असं सगळं मांडलं तर तेल सारखं बिघडतं आणि तुम्हीही थकता. मी मूगडाळीचे वडे निवडते. कांदाभजी चवीला कमी नाहीत, पण कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटतं, पीठ पातळ होतं, मग बेसन वाढवावं लागतं आणि तिसऱ्या घाण्यापासून भजी गोळा होतात. मिरचीची भजी आपल्या माणसांना आवडतात हे खरं, पण पन्ह्या-ताकाआधी तोंड जाळून बसलेला पाहुणा पुढे काही खात नाही. हवी तर वड्यांबरोबर आख्ख्या मिरच्या चिरून, तळून, मीठ भुरभुरून ठेवा.

साठ जणांसाठी दीड किलो मूगडाळ. त्यात वीस-बावीस ग्रॅमचे दीडशेच्या आसपास वडे होतात, म्हणजे माणशी अडीच. कमी वाटेल, पण बाकीचं कोरडं फराळाचं आहे, शिवाय लहान मुलं एक खाऊन पळतात. डाळ चार तास भिजवा, त्याहून जास्त नको. जास्त भिजलेली डाळ पाणी पिऊन बसते आणि वडा तेल पितो. चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा, मग पाण्याचा थेंबही न घालता भरड वाटा. आलं, लसूण, मिरची, जिरं, धणे वाटणात जातील, मीठ मात्र नाही. वाटलेली डाळ अर्ध्या-अर्ध्या किलोच्या हिशेबानं तीन डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. डबा बाहेर निघेल तेव्हाच त्यात मीठ आणि कोथिंबीर. मीठ आधी घातलं तर तासाभरात डाळीला पाणी सुटतं. तो पातळपणा घालवायला लोक बेसन आणि सोडा घालतात, आणि सोड्याचा वडा स्पंजासारखा तेल ओढतो. तो ओळखायला फार लांब जावं लागत नाही. वडा कागदावर ठेवून उचलला की खाली तेलाचा गोल डाग पसरतो. चांगल्या वड्याचा डाग वड्याएवढाही नसतो.

दिवसभर कढईपुढे उभं न राहण्याची युक्ती म्हणजे वडे दोनदा तळणं. पहिल्या खेपेला तेल मध्यम. पिठाचा कण टाकला की तो तळाला जाऊन दोन-तीन सेकंदांनी हळूच वर यावा. या तेलात वडे फिकट, आतून शिजेपर्यंत तळून चाळणीवर काढायचे. एक फोडून बघा, आत ओलसर हिरवट चिकटपणा राहिला असेल तर अजून वेळ द्या. हे वडे पसरून ठेवले की दोन तास बिनघोर राहतात. पाहुणे आले की तेल चांगलं तापवायचं, कण टाकताक्षणी उसळून वर यायला हवा, आणि मिनिटभर तळून लालसर काढायचे. दहा माणसांचे वडे पाच मिनिटांत गरम आणि खुसखुशीत होतात. पाहुणे चपला काढून, हात धुऊन बसेपर्यंत ताटली समोर. दोन तासांच्या पुढे मात्र अर्धवट तळलेले वडे बाहेर ठेवू नका, उन्हाच्या दिवसांत मला त्याची खात्री वाटत नाही. म्हणूनच तीन डबे केले: एक सकाळी नऊला, एक साडेअकराला, एक संध्याकाळी साडेपाचला.

तेल शेंगदाण्याचं असेल तर उत्तम. दीड-दोन लिटर पुरे. प्रत्येक डबा संपला की बारीक जाळीच्या गाळणीनं तेल गाळायचं. तळाशी बसलेला चुरा जळतो आणि पुढच्या वड्यांवर काळे ठिपके येतात, त्यालाच लोक जुनं तेल वापरलं म्हणतात.

चटणीला ओलं खोबरं नको, ते दुपारपर्यंत टिकत नाही. चिंच-गुळाची आंबटगोड चटणी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी दिवसभर बसते. आपल्याकडच्या माणसांना ठेचा लागतोच, त्याची वाटी बाजूला.

कोरड्या फराळासाठी नवीन काही करत बसू नका. घरात गेल्या उन्हाळ्याच्या कुरडया, पापड, बिबड्या असतीलच. होळीच्या दिवशी पुरणाच्या स्वयंपाकाला त्या तळाव्याच लागतात, तेव्हा दुप्पट तळा, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आपल्या कोरड्या हवेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुरकुरीत राहतात. गरम असताना झाकण लावलंत तर मात्र आतल्या वाफेनंच मऊ पडतील. त्याच्या जोडीला शेव आणि जळगावचे केळ्याचे वेफर्स विकत आणा, यात कमीपणा कसला. पाहुणा बसला की ही ताटली समोर जाते, तो हात घालतो, तोवर वडे दुसऱ्यांदा तळून होतात.

गोडाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. लोक गोडाचा फार मारा करतात. होळीला आपल्याकडे मुलांच्या गळ्यात साखरेचे हार आणि हातात कडे असतात, ती दिवसभर तेच तोडून खात हिंडतात. मोठ्यांनी आदल्या दिवशी पुरणपोळी खाल्लेली असते. त्यातच पन्ह्यातला गूळ. अशा वेळी श्रीखंड, गुलाबजाम, जिलबी असं तिहेरी गोड मांडलं तर ते उरतंच. मी एकच कोरडं गोड ठेवते, सांजोऱ्या, आणि दुपारी जेवणाऱ्यांना अर्धी-अर्धी पुरणपोळी.

सांजोऱ्या दोन दिवस आधी करा. अर्धा किलो बारीक रवा दीडशे ग्रॅम तुपात मंद आचेवर भाजून, गार झाल्यावर दुधाचा हबका मारून रात्रभर झाकून ठेवा, म्हणजे रवा फुलतो. सकाळी चारशे ग्रॅम पिठीसाखर, वेलदोडा आणि भाजलेली खसखस मिसळा. वरच्या पारीला अर्धा किलोला थोडा जास्त मैदा, तुपाचं मोहन घालून घट्ट भिजवलेला. पुरीएवढी पारी, आत चमचाभर सारण, कडा दाबून मंद आचेवर तळायची. पन्नास-साठ नग होतात. दुधाचा हबका म्हणजे खरोखर हबका, दोन-तीन चमचे. जास्त झालं तर सारण ओलं राहतं आणि चौथ्या दिवशी आतून वास येतो. कडा उघडली आणि सारण तेलात सांडलं तर ते तेल लगेच बदला, कारण तेलात जळलेली साखर पुढच्या प्रत्येक सांजोरीला कडू करते. सांजोऱ्यांचं तेल आणि वड्यांचं तेल वेगळं ठेवा हे सांगायला नको, पण घाईत विसरायला होतं.

पुरणपोळीचं असं. होळीच्या नैवेद्याला पुरण होणारच. खापरावरच्या मोठ्या पोळ्या करायची तुमच्या घरी कुणाला सवय असेल तर प्रश्नच नाही, पण दोघींच्या बळावर धुळवडीला तो घाट घालू नका. किलोभर हरभरा डाळ आणि किलोभर गूळ यांत तव्यावरच्या चाळीसेक लहान पोळ्या होतात. घरच्यांसाठी लागतील त्या सोडून दहा-बारा पोळ्या होळीच्या संध्याकाळी जास्तीच्या करा. जाळीवर एकेक पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच एकावर एक रचून डब्यात आणि डबा फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तूप सोडून तव्यावर गरम केल्या की झालं, अर्धी कापून वाढायची. पुरण शिजवताना पळी उभी राहील इतकं आटवा. ओलं पुरण आपल्या उन्हात एका रात्रीत जातं. उरलेलं पुरण बोटात धरून ओढा. तार सुटली किंवा वरचा थर बुळबुळीत लागला तर ते टाकायचं, वास आला नसला तरी.

दुपारी जे वीसेक नातेवाईक बसून जेवतील त्यांच्यासाठी पुन्हा तळण काढू नका. फुणके आणि कढी करा. किलोभर तूरडाळ भिजवून भरड वाटायची, त्यात लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, मुटके वळून पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे. पंचेचाळीस-पन्नास होतात, माणशी दोन. सकाळी साडेनऊला वाफवून ठेवले तर दुपारी पुन्हा पाच मिनिटं वाफ दिली की ताजे. कढीला सकाळचं आंबट झालेलं ताक. वर कच्च्या तेलाची धार. सकाळपासून तळलेलं खाल्लेल्या माणसाला हे वाफवलेलं ताट बघून बरं वाटतं. आदल्या वर्षी अमळनेरकडच्या एक वयस्कर मावशी वड्यांची ताटली बाजूला सारून बसल्या होत्या. फुणके-कढी आली तेव्हा दोनदा मागून घेतली आणि मग म्हणाल्या, “बस वं माय, पोट भरी गयं.”

कटाची आमटी आदल्या दिवशीची उरली असेल तर तीही उकळून ठेवा. रस्सीत फुणका कुस्करून खाणारे आपल्याकडे पुष्कळ निघतात.

आता तुमच्या साठ जणांचा दिवस असा बघा. पहाटे सहाला सासूबाई मूगडाळ भिजत घालतील. तूरडाळ रात्रीच भिजलेली असेल, ती वाटून घ्यायची. साडेसातला थंडाई गाळून तयार, आठपासून कप द्यायला सुरुवात. मूगडाळ दहाला भिजून होईल हे लक्षात आलं का? म्हणजे नऊच्या डब्यासाठीची अर्धा किलो डाळ पहाटे चारला भिजवावी लागेल, किंवा रात्री अकराला भिजवून पहाटे तीनला निथळायला उठावं लागेल. दोन्ही वेडेपणा आहे. मी काय करते तर सगळी दीड किलो होळीच्या दुपारी भिजवून, संध्याकाळी वाटून, तीन डबे रात्रीच फ्रिजमध्ये ठेवते. मीठ नसेल तर वाटलेली डाळ फ्रिजमध्ये दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चालते. फक्त संध्याकाळचा डबा उघडल्यावर वास घ्या. फसफस दिसली तर तो सोडून द्या आणि संध्याकाळच्या पाहुण्यांना कोरडा फराळ द्या, त्या मंडळींना तसंही हलकंच हवं असतं.

दहाला थंडाई बंद, पातेलं धुऊन पालथं. ओट्यावर पन्ह्याचं पातेलं, शेजारी पाण्याचा माठ. दहा ते एक ही सगळ्यात गर्दीची वेळ, रंगलेली माणसं याच वेळात येतात. फाटकापाशी बादली, मग, साबण आणि जुना टॉवेल ठेवा आणि एखाद्या पुतण्याला तिथे उभा करा. हाताला रंग असलेल्या माणसानं फराळाच्या डब्यात हात घालू नये, एवढीच त्याची ड्यूटी. रंग कसला असतो कुणास ठाऊक, वड्याबरोबर पोटात जायला नको. म्हणूनच ताटली एकत्र मांडू नका, पळसाच्या पानांच्या द्रोणांत माणशी वेगळं द्या. वर्तमानपत्राचा कागद मात्र नको, गरम वड्याच्या तेलात त्याची शाई उतरते. एक ते तीन जेवणं. तीन ते पाच गॅस बंद, दोघी आडव्या व्हा, कुणी आलंच तर ताक आणि कुरडई. साडेपाचला शेवटचा डबा, सासऱ्यांच्या मित्रांना आधी ताक, मग वडे, जाताना सांजोरी.

फ्रिजची जागा आधी मोजून घ्या. अडीच लिटर दही, दोन लिटर दूध, दोन किलो अर्क, वाटलेल्या डाळीचे तीन डबे, पोळ्यांचा डबा. एवढ्यातच तो भरतो, आणि दिवसभर दार उघडझाप होत असल्यानं आतलं गारपण कमी होतं. म्हणून त्या दिवशी भाजीपाला आणि लोणच्याच्या बरण्या बाहेर काढा, दूध-दही मागे फ्रीजरखाली लावा आणि पाण्याच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवूच नका, नाहीतर येणारा प्रत्येक जण त्या बाटलीसाठी दार उघडणार.

रात्री अर्धवट तळलेले चार-पाच वडे उरले असतील तर ते पुन्हा तळू नका. उरलेली कढी उकळत असेल तेव्हा त्यात सोडा, दहा मिनिटं मंद आचेवर राहू द्या. दोघींचं रात्रीचं जेवण त्यावर होतं.